शेवटच्या अक्षरावरील पेश : सूरह इख्लासमधील दोन ‘अहद’



मागील रमजानमधील एका रात्रीची गोष्ट. तरावीह आटोपून जमात पांगली होती. घोडेगावहून जुन्नरला आपल्या मामाकडे राहावयास आलेली एक महाविद्यालयीन मुलगी मामांसोबत मशिदीच्या अंगणात थांबली होती. हातात एक जीर्ण सिपारा होता. तिची नजर खाली होती आणि बोलावे की न बोलावे, असा संकोच चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी मामाच म्हणाले, “मौलाना, हिला काही विचारायचे आहे. घरी विचारले तर वडील रागावले, म्हणाले असले प्रश्न विचारू नयेत.”

तिचा प्रश्न असा होता. सूरह इख्लास तिला दादीने पाठ करून दिली होती आणि अरबी लिपी तिला उत्तम वाचता येत होती. पुढे तिने एका शब्दार्थाच्या पुस्तकातून एकेका शब्दाचा अर्थ पाहिला. शेवटच्या आयतीत ‘कुफुवन’ म्हणजे बरोबरीचा, असे तेथे होते. ‘अहद’ म्हणजे एक, हे तिला पहिल्या आयतीपासूनच ठाऊक होते. दोन्ही जोडून तिने वाक्य केले : त्याच्या बरोबरीचा एक नाही. “मौलाना,” ती म्हणाली, “एक नाही म्हटले, तर दोन असतील असे कोणी म्हणाले, मग? आणि पहिल्या आयतीत ‘अहद’ अल्लाहसाठी आहे. शेवटी तोच शब्द दुसऱ्या कोणासाठी कसा?”

मी तिला प्रथम एवढेच सांगितले की, बेटा, तुझा प्रश्न गुन्हा नाही. तो व्याकरणाचा प्रश्न आहे आणि अरबीच्या विद्वानांनी त्यावर पाने भरून लिहिले आहे. मग आम्ही ओट्यावर बसलो, मामाही बसले, आणि सिपारा उघडून पंधरा शब्दांची ती सूरह आम्ही एकेक शब्द घेऊन वाचली. त्या रात्री जे बोलणे झाले तेच आज आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडतो. ज्यांना लिपी वाचता येते पण अर्थाच्या दारात पाय अडतो, त्यांनी कृपया सिपारा जवळ घ्यावा आणि बोट ठेवून माझ्यासोबत चालावे.

पहिलाच शब्द ‘क़ुल’. अर्थ : सांग, म्हण. ही आज्ञा आहे आणि ती प्रेषित मुहम्मद (स.) यांना उद्देशून आहे. हा शब्द परका वाटतो, परंतु त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरात शेकडो वर्षांपासून नांदतो आहे. मराठीतील ‘कौल’ हा तोच. जनतेने कौल दिला असे आपण म्हणतो. जुन्या मोडी कागदांत ‘कौलनामा’ आढळतो, ज्यात सरकार रयतेला अभयाचे वचन देत असे. आपले जुन्नर हे निजामशाहीचे मूळ ठाणे. मलिक अहमदने 1490 मध्ये येथूनच स्वतंत्र सत्ता उभी केली. त्या काळापासून दरबारी कागदांतून असे कितीतरी अरबी शब्द या मातीत उतरले आणि मराठी होऊन गेले. अरबीत ‘क़ौल’ म्हणजे बोल, वचन. क़ाफ, वाव आणि लाम ही त्याची तीन मूळ अक्षरे. ‘क़ुल’ मध्ये त्यांपैकी दोनच दिसतात, मधला वाव गळाला आहे. तो का गळतो, हे पुढे येईल.

येथे एक सावधगिरी. देवनागरीत वाचून पाठ करणाऱ्यांकडून हमखास होणारी चूक पहिल्याच अक्षरात आहे. अरबीत दोन ‘क’ आहेत. एक पडजिभेजवळून निघणारा जाड क़ाफ आणि दुसरा आपला नेहमीचा काफ. येथे जाड क़ाफ हवा. साध्या काफने ‘कुल’ म्हटले, तर तोही अरबीत आज्ञार्थी शब्दच आहे, पण त्याचा अर्थ ‘खा’ असा होतो. ‘सांग’ च्या जागी ‘खा’! आपल्या मुलाला उच्चार जमतो की नाही हे पाहावयाचे असेल तर त्याला ‘क़ुल’ आणि मराठी ‘कुल’ (उदाहरणार्थ ‘कुल रक्कम’) असे लागोपाठ म्हणावयास सांगावे. दोन्ही सारखेच ऐकू आले तर अजून मेहनत बाकी आहे.

दुसरा शब्द ‘हुव’, म्हणजे ‘तो’. मक्केच्या अनेकेश्वरवाद्यांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की, तुमच्या रबची वंशावळ आम्हांस सांगा. तिरमिजीच्या हदीसमध्ये ही हकीकत हजरत उबै बिन कअब (रजि.) यांच्याकडून आली आहे. हा प्रश्न ध्यानात ठेवला तर ‘हुव’ सरळ उलगडतो : ज्याच्याविषयी विचारता आहात, तो. काही व्याकरणकार येथे दुसरी उकल देतात. त्यांच्या मते हा ‘तो’ कोणा एकाकडे बोट दाखवत नाही. एखादी मोठी बाब सांगण्यापूर्वी आपण “गोष्ट अशी आहे की” असे म्हणून ऐकणाऱ्याला सावध करतो, तसे त्याचे काम आहे. दोन्ही उकली मान्य आहेत आणि नवख्याने कोणतीही घ्यावी. मला स्वतःला पहिली अधिक भावते, कारण तिच्यात प्रश्न विचारणारे समोर उभे दिसतात.

आता ‘अल्लाहु’ आणि पुढे ‘अहद’. सिपाऱ्यात नीट पाहा. ‘अल्लाहु’ च्या शेवटी एक पेश आहे, ‘अहद’ च्या शेवटी दोन पेश छापलेले आहेत. आपण आयतीच्या शेवटी थांबतो म्हणून ते दोन पेश उच्चारात येत नाहीत. आपण ‘अहदुन’ न म्हणता ‘अहद’ म्हणतो. परंतु कानाला न आलेले ते चिन्ह कागदावर आहे, आणि अर्थ लावताना कागदावरचेच चिन्ह धरावयाचे असते. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच चिन्हात होते.

हे असे का, ते मराठीतून सांगतो. मदरशात ‘नह्व’ म्हणजे वाक्यरचनेचे शास्त्र शिकताना मी नियम पाठ केले, पण ते अंगी मुरले ते पुढे मराठी घेऊन बी.ए. करताना, विभक्तीच्या धड्यात. आपल्या तालुक्यातील एक वाक्य घ्या : ‘बिबट्याने कुत्र्याला ओढले.’ आता शब्द उलटसुलट करा. ‘कुत्र्याला बिबट्याने ओढले.’ ‘ओढले कुत्र्याला बिबट्याने.’ कसेही फिरवले तरी कुत्राच जातो आणि बिबट्याच नेतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले आहेत. जागा बदलली तरी शब्दाची ओळख बदलत नाही. जे काम मराठीत ‘ने’, ‘ला’, ‘चा’ हे प्रत्यय करतात, तेच काम अरबीत बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरचे पेश, जबर आणि जेर करतात. ज्याच्याविषयी वाक्य आहे त्याला पेश. क्रिया ज्याच्यावर घडते त्याला जबर. ‘अमुकाचा’ असा संबंध दाखवावयाचा किंवा ‘बि’, ‘लि’, ‘मिन’ असे छोटे अव्यय आधी आले, की जेर. याला फाटे पुष्कळ आहेत, पण लहान सूरहांच्या वाटेवर नवख्याला पहिली मजल एवढ्या शिदोरीवर मारता येते.

पहिल्या आयतीत ‘अल्लाहु’ ला पेश आणि ‘अहद’ लाही पेश आहे. दोन्हींना पेश का? कारण हे क्रियापद नसलेले वाक्य आहे. मराठी व्याकरणात ज्याला आपण उद्देश्य आणि विधेय म्हणतो, त्यांना अरबीत मुब्तदा आणि खबर म्हणतात, आणि अशा वाक्यात दोघेही पेश घेतात. अरबीत येथे ‘आहे’ हा शब्द लागतच नाही. आपणही ओळख करून देताना ‘हा माझा भाऊ’ असे म्हणतो आणि ‘आहे’ मनात असतो, त्यातलाच प्रकार. म्हणून सिपाऱ्यात ‘आहे’ कोणता, हे शोधत बसू नये. क्रियापद नसल्याने अशा वाक्यावर काळाची मोहरही नसते. काल होता, आज आहे, उद्या असेल, अशी विभागणीच तेथे नाही.

दुसऱ्या आयतीत केवळ दोन शब्द आहेत, ‘अल्लाहु’ आणि ‘अस्समद’. दोहोंच्या शेवटी पेश. ‘समद’ ला मराठीत एका शब्दाने पकडणे कठीण जाते. अनुवादांत ‘निरपेक्ष’, ‘निःस्पृह’, ‘सर्वाधार’ असे शब्द येतात आणि प्रत्येकात अर्थाचा एकेक तुकडा येतो. अरबांच्या बोलीत गरजेच्या वेळी ज्या सरदाराकडे सारे जण जात त्याला समद म्हणत. म्हणजे एक तुकडा असा की, सर्व त्याच्याकडे जातात. दुसरा तुकडा असा की, तो कोणाकडे जात नाही. आंबेगावच्या वाचकांना हे डिंभे धरणावरून चटकन ध्यानात येईल. उन्हाळ्यात घोड नदीकाठची शिवारे त्या धरणाकडे डोळे लावून असतात. पण धरण स्वतः पावसाकडे डोळे लावून असते. ज्याच्याकडे सारे पाहतात आणि जो कोणाकडे पाहत नाही, असा समद सृष्टीत सापडत नाही. उपमा येथेच तुटते आणि तिने येथेच तुटावयास हवे.

येथे व्याकरणाची एक बारीक खूण आहे. ‘अहद’ च्या आधी ‘अल’ नव्हते, ‘समद’ च्या आधी ‘अल’ आहे. (उच्चारात लाम पुढच्या स्वादमध्ये मिसळतो, म्हणून ‘अस्समद’, लिहिताना मात्र लाम उभाच असतो आणि स्वादवर तश्दीद दिसते.) विधेयाला सहसा ‘अल’ लागत नाही. ते लागले की वाक्यात मराठीतील ‘च’ चे बळ येते. ‘तो वैद्य आहे’ आणि ‘वैद्य तोच’ यांत जेवढा फरक, तेवढा हा फरक. म्हणून या आयतीचा अर्थ ‘अल्लाह समद आहे’ एवढ्यावर थांबत नाही, तो ‘समद तर अल्लाहच’ असा होतो. मग ‘अहद’ ला ‘अल’ का नाही? त्या शब्दात एकमेवपण अर्थानेच भरलेले आहे, त्याला बाहेरून ‘च’ लावण्याची गरज पडली नाही, असे विद्वानांनी म्हटले आहे.

तिसऱ्या आयतीत मक्केकरांच्या वंशावळीच्या प्रश्नाला थेट उत्तर आहे. ‘लम’ हा नकाराचा शब्द आहे. तो क्रियापदाच्या आधी येऊन एकाच वेळी तीन कामे करतो : नकार आणतो, अर्थ भूतकाळाकडे नेतो, आणि क्रियापदाच्या शेवटचा पेश काढून तेथे जज्म बसवतो. ‘यलिदु’ म्हणजे तो जन्म देतो; ‘लम’ आला की ‘यलिद’ उरते आणि अर्थ होतो, त्याने जन्म दिला नाही.

याचे मूळ वाव, लाम, दाल. याच मुळाचे ‘वालिद’, ‘वालिदा’ आणि ‘औलाद’ आपण रोज बोलतो. ज्यांनी आजोबांचे जुने कागद उघडून पाहिले असतील त्यांना नावांमध्ये ‘वलद’ हा शब्द आढळला असेल : अमुक वलद तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक. तो ‘वलद’ हाच. ज्या कागदावर प्रत्येक मनुष्याच्या नावापुढे ‘वलद’ लागतो, तशाच कागदाची मागणी मक्केकर करीत होते, आणि उत्तर आले की येथे ‘वलद’ ना पुढे आहे, ना मागे.

पुढे आणि मागे हा फरक अरबीने कसा केला, ते पाहा. ‘यलिद’ आणि ‘यूलद’, मूळ अक्षरे तीच. पहिल्यात ‘य’ वर जबर आणि लामखाली जेर. दुसऱ्यात ‘य’ वर पेश आणि लामवर जबर. चिन्हे बदलली आणि कर्तरी प्रयोगाचा कर्मणी प्रयोग झाला. पहिल्याचा अर्थ, त्याने कोणाला जन्म दिला नाही. दुसऱ्याचा अर्थ, त्याला कोणी जन्म दिला नाही. मराठीला हे सांगताना पूर्ण वाक्य फिरवावे लागते, अरबीत दोन चिन्हांवर काम होते. याच कारणाने जेर-जबरची चूक ही ‘जराशी चूक’ नसते. सूरह फातिहामध्ये ‘अन्‌अम्त’ म्हणजे ‘तू कृपा केलीस’. तेथे शेवटच्या ‘त’ वर जबरऐवजी पेश देऊन ‘अन्‌अम्तु’ म्हटले, तर ‘मी कृपा केली’ असा अर्थ होतो आणि बंदा अल्लाहचे काम आपल्या नावावर लावून बसतो. तजवीदचे जाणकार अशा चुकीला ‘लह्‌ने जली’, म्हणजे उघड चूक, म्हणतात.

आणखी एक. ‘यलिद’ मध्ये वाव दिसत नाही, ‘यूलद’ मध्ये दिसतो आणि तेथे ‘यू’ दीर्घ ओढावा लागतो. घाईत पुष्कळ जण ‘युलद’ असे ऱ्हस्व म्हणून पुढे जातात. वाव हे अक्षर अरबीत दुर्बळ मानले आहे. जबर असलेला ‘य’ आणि जेर यांच्यामध्ये सापडला की ‘यलिद’ प्रमाणे तो गळतो. मागे पेश असला की त्याला टेकू मिळतो आणि ‘यूलद’ प्रमाणे तो टिकतो. ‘क़ुल’ मधला वाव वेगळ्या कारणाने गेला. तेथे पुढचा लाम जज्मचा आहे. वावही स्थिर आणि लामही स्थिर, अशी दोन स्थिर अक्षरे शेजारी आली की दुर्बळ असलेले जागा सोडते. चौथ्या आयतीतील ‘यकुन’ ची हीच कथा. मूळ ‘यकूनु’, म्हणजे ‘असतो’. ‘लम’ ने शेवटच्या नूनवर जज्म दिला आणि मधला वाव निघून गेला. एका लहान सूरहमध्ये तीन ठिकाणी वाव लपला आहे. शब्दकोशात मूळ शोधावयास गेलेला नवखा येथेच फसतो, कारण तो दोन अक्षरे घेऊन फिरतो आणि कोश तीन अक्षरांनी लावलेला असतो.

‘जन्म दिला नाही’ हे आधी आणि ‘जन्मला नाही’ हे नंतर का, असेही त्या मुलीने विचारले. माणसाच्या आयुष्यात क्रम उलटा असतो, आधी जन्मतो आणि मग बाप होतो. इमाम राजी यांनी यावर लिहिले आहे, त्याचा आशय असा : लोकांचा दावा अल्लाहला संतती असल्याचा होता. मक्केचे लोक फरिश्त्यांना अल्लाहच्या मुली म्हणत. अल्लाह कोणापासून जन्मला, असा दावा त्यांच्यात कोणी करीत नव्हते. ज्या दाव्याचे खंडन करावयाचे, ते आधी आले. आणि ज्यावर वाद नव्हता, ते त्याच्या पुराव्यासारखे मागाहून आले.

आता चौथी आयत, जिच्यासाठी हे सारे चालले आहे. येथे पहिला गोंधळ कानाचा होतो. ‘यकुन’ च्या शेवटी जज्म असलेला नून आहे आणि लगेच ‘लहू’ चा लाम येतो. तजवीदच्या नियमाने असा नून लाममध्ये पूर्ण विरघळतो, म्हणून आपण ‘यकुल्लहू’ असे म्हणतो. केवळ ऐकून पाठ केलेल्या कित्येकांना हा एकच शब्द वाटतो, आणि एका गृहस्थांनी तर त्यातील ‘कुल्ल’ म्हणजे ‘सर्व’ असा अर्थ मला ऐकवला होता. डोळ्यांनी पाहिले की शंका फिटते : दोन शब्द आहेत, ‘यकुन’ आणि ‘लहू’. ‘लहू’ मध्ये ‘ल’ म्हणजे ‘साठी’ किंवा ‘ला’, आणि ‘हू’ म्हणजे ‘तो’. मिळून ‘त्याला’, ‘त्याच्यासाठी’. ‘हू’ वर उलटा पेश छापलेला दिसेल, तो ओढून वाचावयाची खूण आहे. अल्‌हम्दनंतर जो ‘लिल्लाह’ येतो, त्यातील ‘लि’ आणि हा ‘ल’ एकच. सर्वनाम जोडले की जेरचा जबर होतो, एवढेच.

मग ‘कुफुवन’, म्हणजे बरोबरीचा, तोडीचा. निकाहच्या बोलण्यात आपण ‘कुफू’ पाहतो, म्हणजे दोन्ही घरे जोडीची आहेत की नाही ते पाहतो, शब्द तोच. यातील ‘फ’ वर पेश आहे, तो खाऊन ‘कुफ्वन’ म्हणू नये. शेवटी दोन जबर आहेत. आणि त्यानंतर ‘अहद’, ज्याच्या शेवटी दोन पेश आहेत.

मुलीला मी म्हणालो, “बेटा, दोन्हींच्या शेवटावर बोट ठेव.” तिने ठेवले. “दोन्हींची चिन्हे सारखी आहेत का?” ती म्हणाली, “नाही. एकावर जबर, दुसऱ्यावर पेश.” तेथेच तिच्या वाक्याची गाठ सुटली. ‘बरोबरीचा एक’ असा जोड करावयाचा, म्हणजे ‘एक’ ला ‘बरोबरीचा’ चे विशेषण मानावयाचे, तर अरबीत दोन्ही शब्दांच्या शेवटचे चिन्ह एकच असावयास हवे होते. विशेषण आपल्या नामाच्या मागे सावलीसारखे चालते; नामाला जबर तर त्यालाही जबर. येथे चिन्हे वेगळी, म्हणजे हे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले नाहीत. ते वाक्यातील दोन वेगळ्या जागांवर बसले आहेत.

कोणत्या जागांवर? ‘कान’ आणि त्याची ‘यकुन’ ही रूपे वाक्यात आली की उद्देश्याला पेश राहतो आणि विधेयाला जबर मिळतो. पेश ‘अहद’ ला आहे, म्हणून उद्देश्य ‘अहद’. जबर ‘कुफुवन’ ला आहे, म्हणून विधेय ‘कुफुवन’. साधा क्रम लावला तर आधी ‘अहद’, मग ‘कुफुवन’, मग ‘लहू’ असे आले असते : कोणी, बरोबरीचा, त्याला. कुरआनने तो क्रम उलटा केला. ‘लहू’ सर्वांत पुढे आले, कारण बोलणे त्याच्याविषयी आहे. ज्याचा नकार करावयाचा ती बरोबरी दुसरी आली. आणि ‘अहद’ शेवटी गेला, त्यामुळे चारही आयती दालवर थांबल्या. बिबट्या आणि कुत्रा यांच्या वाक्यासारखेच हे आहे : जागा बदलली तरी चिन्हांनी ओळख राखली.

राहिला तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ‘अहद’ चा अर्थ येथे ‘एक’ असाच घेतला तर ‘एक नाही’, मग ‘दोन’ चे काय? याचे उत्तर अरबीइतकेच मराठीतही आहे. ‘एक माणूस आला’ यात ‘एक’ ही संख्या आहे. ‘एकही माणूस आला नाही’ यात ‘एक’ मोजणीचा राहिला नाही. दोन आले, पाच आले, असा अर्थ कोणी काढत नाही, कोणीच आले नाही असाच काढतो. नकाराच्या छायेत ‘एक’ चा ‘कोणीही’ झाला. अरबीतील ‘अहद’ चे नकारार्थी वाक्यात हेच होते. ‘अल’ नसलेला, अनिश्चित शब्द नकारानंतर आला की तो सर्वांना व्यापतो, हा व्याकरणाचा नियम आहे. म्हणून येथे अर्थ झाला : कोणीही त्याच्या तोडीचा नाही. एक नाही, दोन नाहीत, कोणीच नाही.

आणि पहिल्या आयतीत ‘अहद’ नकाराच्या छायेत नाही, सरळ होकारात आहे. अरबीत होकारार्थी वाक्यात ‘अहद’ असा एकटा, कोणाशीही न जोडता, विशेषणासारखा वापरला जातो तो अल्लाहसाठी, असे भाषेच्या जाणकारांनी नोंदवले आहे. मोजणीतील ‘एक’ साठी ‘वाहिद’ आहे, ज्याच्यापुढे दोन आणि तीन येतात. या ‘अहद’ पुढे दोन येत नाही. शब्द एकच असून सूरहच्या आरंभी तो अल्लाहसाठी आहे आणि शेवटी त्याच्याशिवाय इतर सर्वांसाठी, आणि त्या सर्वांवर नकार आहे.

मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “मौलाना, मी चाळीस वर्षे ही सूरह वाचतो. कधी कधी श्वास पुरत नाही म्हणून ‘कुफुवा’ वर थांबतो आणि मग ‘अहद’ म्हणतो.” मी म्हणालो, थांबावे लागले तर थांबा, शेवटच्या दोन जबरांचा उच्चार थांबताना ‘कुफुवा’ असाच होतो, ते बरोबर आहे. मात्र पुन्हा सुरू करताना एकट्या ‘अहद’ पासून करू नका. उद्देश्य एकीकडे आणि बाकी वाक्य दुसरीकडे असे तुटते. चौथी आयत आरंभापासून घ्या. आणि शेवटच्या दालवर थांबताना तो गिळू नये, तसाच ‘अहदा’ असा लांबवूही नये. हलकासा धक्का देऊन सोडावा, तजवीदमध्ये त्याला क़ल्क़ला म्हणतात. आपल्या मराठी जिभेला शब्दाच्या शेवटचा ‘द’ हळूच मिटवण्याची सवय आहे, म्हणून येथे आपल्याला थोडे जपावे लागते.

तिने पेन्सिलीने सिपाऱ्यात दोन्ही ‘अहद’ खाली रेघ ओढली. एकाखाली ‘एक’ लिहिले, दुसऱ्याखाली ‘कोणीही’. निघताना म्हणाली, “दादीला उद्या फोन करून सांगते. आणि मौलाना, सूरह कौसरमध्ये ‘शानिअक’ वर जबर आहे. तेथे तर वाक्य त्याच्याविषयीच आहे, मग पेश का नाही?”

त्या आयतीच्या आरंभी ‘इन्न’ आहे. पुढील महिन्यात, इन्शाअल्लाह, तेथूनच सुरुवात करू.